दोन घरं, एक कुलूप आणि मानीव भाडं: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून-जुलै आला की लक्ष्मीपुरीतल्या आमच्या ऑफिसात एक ठरलेला संवाद होतो. माणूस समोर बसतो, पिशवीतून फॉर्म सोळा, बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट आणि घरफाळ्याची पावती काढतो, आणि सगळं टेबलावर ठेवून हळूच विचारतो, "पुण्यातला फ्लॅट बंदच आहे हो, तो दाखवायलाच पाहिजे का?" या पानावरचे बहुतेक प्रश्न त्या एका प्रश्नाच्या पोटातून निघालेले आहेत. 2025-26 या आर्थिक वर्षाचं रिटर्न भरताना लागू होणारे नियम इथे धरले आहेत. ते रिटर्न 1961 च्याच आयकर कायद्याखाली भरायचं आहे. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाला असला, तरी तो त्या तारखेनंतरच्या उत्पन्नाला लागतो. दोन घरांचं तत्त्व त्यातही तसंच ठेवलं आहे.

मिळालंच नाही त्या भाड्यावर कर कसा?

घराच्या बाबतीत आयकर कायदा हातात पडलेल्या पैशावर कर लावत नाही, घराच्या "वार्षिक मूल्यावर" लावतो. हे घर भाड्यानं दिलं असतं तर वर्षाला साधारण किती भाडं आलं असतं, तो आकडा म्हणजे वार्षिक मूल्य. कलम 23 मध्ये हे लिहिलेलं आहे. प्रत्यक्ष भाडं त्याहून जास्त आलं असेल तर ते धरायचं, नाही तर अपेक्षित भाडं. घर बंद ठेवलं तर अपेक्षित भाडं उरतंच, आणि त्यालाच लोक मानीव भाडं किंवा नोशनल रेंट म्हणतात.

मग आपण राहतो त्या घरावर कर का लागत नाही? कारण त्याच कलमात सूट आहे. स्वतःच्या राहण्यासाठी असलेल्या घराचं वार्षिक मूल्य शून्य धरायचं. ही सूट किती घरांना, एवढाच काय तो वाद आहे, आणि त्याचं उत्तर गेल्या काही वर्षांत दोनदा बदललं.

दुसऱ्या घरावर आता मानीव भाडं लागतं की नाही?

नाही. 2018-19 पर्यंत फक्त एका घराला शून्य मूल्य मिळायचं आणि दुसरं घर, बंद असलं तरी, भाड्यानं दिलंय असं मानून कर लागायचा. फेब्रुवारी 2019 च्या अंतरिम अर्थसंकल्पात ही सूट दोन घरांपर्यंत वाढवली आणि ती 2019-20 या वर्षापासून लागू झाली.

तरी एक काटा शिल्लक होता. तुम्ही त्या घरात राहत नसाल, तर त्याचं कारण नोकरी, धंदा किंवा व्यवसाय परगावी असणं हेच हवं आणि तिथे तुम्ही दुसऱ्याच्या मालकीच्या घरात राहत असायला हवं, अशी अट होती. "मुलगा शिकायला आहे म्हणून घेतलाय, तो सुट्टीत इकडे येतो, फ्लॅट बंद असतो" हे कारण त्या चौकटीत नीट बसत नव्हतं. 1 फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात ती अट काढली. आता "कोणत्याही कारणानं" राहू शकत नसलात तरी चालतं. हा बदल 2024-25 या आर्थिक वर्षापासूनच लागू आहे. त्याआधीच्या वर्षाची नोटीस आली असेल, तर मात्र जुनी अट धरूनच उत्तर द्यावं लागतं. नव्या नियमाकडे बोट दाखवून उपयोग नाही.

म्हणजे दोन घरं असली तर चिंता नाही?

भाड्याची चिंता नाही, कर्जाची आहे. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

आमच्याकडे येणाऱ्यांसारखंच एक उदाहरण घेऊ. एक प्राध्यापक आहेत, पगार वर्षाला 18 लाख. राजारामपुरीत फ्लॅट आहे, त्यात कुटुंब राहतं, त्याच्या कर्जाचं वर्षाचं व्याज 1,60,000. कोथरूडला दुसरा फ्लॅट आहे, मुलगा कॉलेजात असताना घेतलेला, आता बंद. त्याचं व्याज 2,40,000. दोन्ही फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर.

दोन्ही घरांचं वार्षिक मूल्य शून्य. व्याजाची एकूण रक्कम 4,00,000. पण स्वतःच्या वापरातल्या घरांसाठी व्याजाची वजावट दोन्ही घरं मिळून 2,00,000 पर्यंतच आहे. "दर घराला दोन लाख" हे सरसकट ऐकायला येतं आणि ते चूक आहे. प्राध्यापकांचे उरलेले 2,00,000 त्या वर्षापुरते संपले. पुढच्या वर्षी ओढता येत नाहीत, कशातून वजाही होत नाहीत. आणि हे दोन लाखही फक्त जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत स्वतःच्या वापरातल्या घराचं व्याज अजिबात वजा होत नाही.

मग 2019 च्या बदलानं फायदा झाला की तोटा?

तुमच्यावर कर्ज आहे की नाही, यावर ते ठरतं. अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशीच्या बातमीत हे वाचायला मिळत नाही, म्हणून हिशेबच मांडतो.

कोथरूडच्या फ्लॅटला महिना 15,000 भाडं आलं असतं असं धरू, म्हणजे वर्षाला 1,80,000. वर्षभरात महापालिकेला भरलेला मिळकतकर 10,000. उरले 1,70,000. त्यावर सरसकट 30 टक्के वजावट, म्हणजे 51,000. राहिले 1,19,000.

कर्ज नसतं तर जुन्या नियमानं या 1,19,000 वर कर लागला असता. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला सेस धरून 37,128 रुपये, आणि तेही एक रुपया भाडं न मिळता. 2019 च्या बदलानं, आणि 2025 मध्ये ती अट गेल्यावर पूर्णपणे, हा कर शून्य झाला. निव्वळ फायदा.

पण प्राध्यापकांवर 2,40,000 व्याजाचं कर्ज आहे. जुन्या नियमानं 1,19,000 मधून ते पूर्ण व्याज वजा झालं असतं, कारण भाड्यानं दिलेल्या किंवा तसं मानलेल्या घराच्या व्याजाला दोन लाखांची मर्यादा नाही. तोटा झाला असता 1,21,000. त्यात राजारामपुरीचा 1,60,000 मिळवला की एकूण तोटा 2,81,000. पगारातून वजा करायची मर्यादा दोन लाख, म्हणून उरलेले 81,000 पुढच्या आठ वर्षांत घराच्या उत्पन्नातून वजा करता आले असते. आता तो 81,000 चा भाग हातचा गेला. बिनकर्जाच्या माणसाला सूट मिळाली आणि कर्जवाल्याची वजावट तेवढी आखडली, असा त्याचा अर्थ.

माझी दोनच घरं आहेत, पण मला दुसरं घर "भाड्यानं दिलंय असं मानून" दाखवायचंय. चालेल?

नाही. कर्जाचं व्याज जास्त वजा व्हावं म्हणून लोक मुद्दाम हे करतात. रिटर्नमध्ये घराचा प्रकार निवडायला तीन पर्याय येतात: `Self Occupied`, `Let Out` आणि `Deemed Let Out`. तिसरा पर्याय दिसतो म्हणून तो सगळ्यांसाठी आहे असं वाटतं. पण कलम 23 च्या पोटकलम 4 मध्ये निवडीचा हक्क दोनपेक्षा जास्त घरं असतील तेव्हाच दिला आहे. दोनच घरं स्वतःकडे असतील तर दोन्ही शून्य, तिथे निवडायला काही ठेवलेलंच नाही. सॉफ्टवेअर तुम्हाला अडवणार नाही, ते आकडे घेतं. पुढे तपासणीत तेवढा तोटा नामंजूर झाला की कर, व्याज आणि वर दंडाचा प्रश्न येतो.

दुसरं घर खरोखर भाड्यानं द्यायचं असेल तर गोष्ट वेगळी. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवा, भाडं बँकेत घ्या आणि `Let Out` दाखवा.

तिसरं घर असेल तर कोणतं घर कुठल्या खान्यात टाकायचं?

इथे खरी निवड असते आणि इथे पैसे वाचतात. त्याच प्राध्यापकांनी पन्हाळ्यावर एक लहान घर घेतलं असं समजू. कर्ज नाही, शनिवार-रविवारी जातात. भाड्यानं दिलं असतं तर महिना 4,000 आले असते. त्याची घरपट्टी 3,000.

बहुतेक जण न विचार करता राहतं घर आणि मोठा फ्लॅट स्वतःच्या वापरात दाखवतात आणि लहान घराला मानीव भाडं लावतात. तसं केलं तर पन्हाळ्याचे 48,000, त्यातून 3,000 वजा, 45,000. तीस टक्के 13,500 गेले की 31,500 उत्पन्न. दोन फ्लॅटचं व्याज दोन लाखांवर अडतं. जुन्या प्रणालीत निव्वळ तोटा 1,68,500.

आता उलटं करून बघा. राजारामपुरी आणि पन्हाळा स्वतःच्या वापरात, कोथरूड `Deemed Let Out`. पन्हाळ्यावर काहीच नाही. राजारामपुरीचे 1,60,000 पूर्ण वजा. कोथरूडचा तोटा वर काढला तोच, 1,21,000. एकूण 2,81,000. त्यातले दोन लाख पगारातून, 81,000 पुढे. घरं तीच, व्याज तेच, फक्त खाना बदलला. प्राध्यापक कोथरूडला वर्षातून दोनदा जातात आणि पन्हाळ्याला महिन्यातून दोनदा, याचा इथे संबंध नाही. तीनपैकी कोणती दोन निवडायची हे मालकानं ठरवायचं असतं, आणि पुढच्या वर्षी वेगळी दोन निवडली तरी चालतं.

ढोबळ ठोकताळा असा: कर्ज नसेल तर ज्यांचं अपेक्षित भाडं जास्त ती दोन घरं शून्यात टाका. कर्ज असेल तर ठोकताळ्यावर विसंबू नका, कागदावर तिन्ही जोड्या मांडून बघा. वीस मिनिटांचं काम आहे.

नव्या करप्रणालीत हे गणित कसं होतं?

व्याज वाया जातंय म्हणून जुन्या प्रणालीत अडून बसणारे खूप भेटतात, म्हणून आधी तेच. प्राध्यापकांची दोनच घरं धरू, व्यवसाय कर बाजूला ठेवू. जुन्या प्रणालीत 18 लाखांतून प्रमाणित वजावट 50,000, 80सीचे दीड लाख आणि घराचा दोन लाखांचा तोटा वजा केला की 14 लाख उरतात. कर सेससह 2,41,800. नव्या प्रणालीत फक्त 75,000 ची प्रमाणित वजावट, उत्पन्न 17,25,000, आणि कर सेससह 1,50,800. व्याजाचा एक पैसा वजा न होताही 91,000 नी स्वस्त. त्यामुळे "होम लोन आहे म्हणून ओल्ड रेजीम" हे समीकरण आता डोळे मिटून धरू नका.

नव्या प्रणालीत भाड्यानं दिलेल्या किंवा तसं मानलेल्या घराचं व्याज त्या घराच्या भाड्यातून वजा होतं, पण वरचा तोटा पगारातून वजा होत नाही. म्हणून तीन घरांच्या उदाहरणात पहिल्या मांडणीनं पन्हाळ्याच्या 31,500 वर प्राध्यापकांना 20 टक्के टप्प्यानं, सेस धरून, 6,552 रुपये कर पडतो. दुसऱ्या मांडणीनं काहीच पडत नाही, कारण कोथरूडचं मानीव भाडं त्याच्याच व्याजात बुडून जातं.

यातून आणखी एक गोष्ट निघते. नव्या प्रणालीत कर्जावरचा फ्लॅट कुलूप लावून ठेवला तर त्याचं व्याज कशालाच उपयोगी पडत नाही. तोच फ्लॅट 15,000 नी भाड्यानं दिला तर वर्षाचे 1,80,000 हातात येतात आणि व्याज मोठं असल्यामुळे त्यावर कर शून्य. भाडेकरू ठेवायचा की नाही हा घरच्यांचा निर्णय. पण "भाडं घेतलं की कर भरावा लागेल" या भीतीनं फ्लॅट बंद ठेवत असाल, तर आधी व्याजाचा आकडा बघा.

वर्षातले दोनच महिने भाड्यानं दिलं. तेवढंच भाडं दाखवायचं ना?

हा प्रश्न मी स्वतः एकदा हलक्यात घेतला होता. ऐन जुलैच्या गर्दीत एका ओळखीच्या बाईंच्या रिटर्नमध्ये दोन महिन्यांचं भाडं "तेवढंच" दाखवून मोकळा झालो. रात्री घरी जाताना डोक्यात लागलं, दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला आणि रिटर्न सुधारून भरलं. तेव्हापासून हा मुद्दा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.

स्वतःच्या वापराची सूट पूर्ण वर्षासाठीच मिळते. वर्षातला काही काळ जरी घर खरोखर भाड्यानं दिलं, किंवा त्यातून दुसरा काही लाभ घेतला, तर त्या वर्षी ते घर शून्यात बसत नाही. मग अपेक्षित भाडं पूर्ण बारा महिन्यांचं धरायचं.

उदाहरणार्थ, मंगळवार पेठेतलं घर दोन महिने 14,000 नी दिलं, 28,000 मिळाले. बाकी दहा महिने तुम्हीच वापरलं. अपेक्षित भाडं महिना 13,000 असेल तर वर्षाचे 1,56,000. घरफाळा 8,000 गेला, 1,48,000. तीस टक्के म्हणजे 44,400 वजा. करपात्र 1,03,600. खिशात आले 28,000 आणि कर लागला लाखाहून जास्त उत्पन्नावर. स्वतः राहिलेल्या महिन्यांना "रिकामं होतं" असं म्हणता येत नाही. रिकाम्या काळाची सवलत ही भाडेकरू मिळाला नाही म्हणून रिकामं राहिलेल्या घरासाठी आहे.

नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांना खोल्या देऊन चार पैसे मिळवणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. मात्र वरचा मजला भाड्यानं आणि खालच्या मजल्यावर तुम्ही, असं असेल तर दोन्ही भाग वेगळे धरता येतात. खालचा शून्यात राहतो, वरच्याचा हिशेब होतो. घरफाळा आणि व्याज त्या प्रमाणात वाटून घ्यायचं.

हेवी डिपॉझिटवर दिलेलं घरही स्वतःच्या वापरातलं नाही, महिन्याचं भाडं घेत नसलात तरी. दहा लाख वापरायला मिळणं हा लाभच आहे.

अपेक्षित भाडं म्हणजे नक्की किती? मी 2,000 लिहिलं तर?

लिहिता येईल, पण निभावता येणार नाही. महापालिकेनं ठरवलेलं भाडेमूल्य आणि परिसरातलं चालू भाडं यांपैकी जे जास्त ते धरायचं. भाडे नियंत्रण कायद्यानं प्रमाणित भाडं ठरलेलं असेल तर त्याच्या वर जायचं नाही, ही पद्धत.

अधिकाऱ्याला मात्र मनाला येईल तो आकडा टाकता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयानं 2014 मध्ये टिप टॉप टायपोग्राफीच्या निकालात सांगितलं आहे, की महापालिकेचं भाडेमूल्य हा भरवशाचा आधार आहे. तो बाजूला सारायचा तर अधिकाऱ्याकडे ठोस माहिती हवी आणि ती करदात्याला दाखवून त्याचं म्हणणं ऐकायला हवं. आपण याच न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येतो. ऑगस्ट 2025 पासून त्याचं सर्किट बेंच भाऊसिंगजी रोडवरच आहे, म्हणून हा निकाल कोल्हापूरच्या माणसानं लक्षात ठेवण्यासारखा.

माझी पद्धत साधी आहे. त्याच इमारतीतल्या किंवा गल्लीतल्या एखाद्या शेजाऱ्याच्या नोंदवलेल्या भाडेकराराची प्रत मिळाली तर ती घ्यायची. बिलावर भाडेमूल्य छापलेलं असेल तर ते बिल जोडायचं. एका कागदावर आकडा कसा काढला ते चार ओळींत लिहायचं, तारीख टाकायची आणि फाइलला लावायचं. तीन वर्षांनी नोटीस आली तर तो कागदच बोलतो, आपली आठवण नाही.

घरफाळा, सोसायटीचा मेंटेनन्स, रंगकाम यातलं काय वजा होतं?

फक्त घरफाळा, आणि तोही भाड्यानं दिलेल्या किंवा मानीव भाड्याच्या घराचा. त्या आर्थिक वर्षात तुम्ही स्वतः प्रत्यक्ष भरलेला हवा. बिल आलंय पण भरलं एप्रिलमध्ये, तर या वर्षी वजा नाही. उलट मागच्या चार वर्षांची थकबाकी या वर्षी भरली तर सगळी याच वर्षी वजा होते. मेंटेनन्स, रंग, गळती, लिफ्टची वर्गणी हे सगळं त्या तीस टक्क्यांत आलंच. खर्च केला नाही तरी तीस टक्के मिळतात, दुप्पट केला तरी तेवढेच.

गावचं वडिलोपार्जित घर मोजायचं का?

घर कुणाच्या मालकीचं आहे त्यावर. तीन भावांत वाटण्या झालेल्या आणि प्रत्येकाचा हिस्सा ठरलेला असेल तर तुमचा हिस्सा हे तुमचं एक घर. दोन फ्लॅट आणि हा हिस्सा मिळून तीन झाली, आणि तिसऱ्याचा प्रश्न उभा राहिला. लोक नेमकं हेच विसरतात, कारण त्या घराला कुणी "माझं घर" म्हणत नाही. घर एकत्र कुटुंबाच्या, म्हणजे एचयूएफच्या नावावर असेल तर ते तुमच्या दोनांत मोजायचं नाही. एचयूएफचा हिशेब वेगळा असतो.

शेतातल्या घराचं निराळं. ते शेतजमिनीवर किंवा लगतच हवं, कसणाऱ्याला शेतीसाठीच राहायला किंवा माल ठेवायला लागणारं हवं आणि जमिनीच्या बाबतीतल्या कायद्याच्या अटी पुऱ्या व्हायला हव्यात. मग त्याचं उत्पन्न शेतीचं धरलं जातं. करवीर-कागलकडच्या ऊसवाल्यांना हे बऱ्याचदा लागू पडतं. नुसतं गवत वाढलेल्या प्लॉटवर बांधलेल्या "फार्महाउस"ला नाही.

बायकोच्या नावावर केलं तर माझी दोनच राहतील ना?

मोबदला न घेता पत्नीच्या नावावर केलेलं घर या हिशेबात तुमचंच मानलं जातं. कलम 27 त्यासाठीच आहे. अल्पवयीन मुलाच्या नावावर केलं तरी तेच, लग्न झालेल्या मुलीचा अपवाद सोडून. सज्ञान मुलाला बक्षीसपत्र केलं तर मात्र घर खरोखर त्याचं होतं. मग ते कायमचं त्याचं झालं, हे आधी पचवा.

पत्नीनं स्वतःच्या पैशानं किंवा कर्जानं निम्मा वाटा घेतला असेल तर गोष्ट वेगळी. सहमालक आणि सहकर्जदार दोघंही असतील तर दोन लाखांची मर्यादा प्रत्येकाला स्वतंत्र मिळते. नवीन घर घेताना हे आधी विचारा. खरेदीपत्र झाल्यावर विचारून काही हाती लागत नाही.

दुकानाचा गाळा बंद आहे. तोही दोनांत बसवता येईल?

नाही. सूट राहण्याच्या घराला आहे. गाळ्यात तुमचाच धंदा चालत असेल तर तो घराच्या उत्पन्नात येतच नाही. पण धंदा बंद करून शटर ओढलेलं असेल तर एकच गाळा असला तरी मानीव भाडं लागू शकतं. आधी भाड्यानं होता आणि आता भाडेकरू मिळत नाही अशी स्थिती असेल, तर रिकाम्या काळाची सवलत मागता येते. त्यासाठी एजंटशी झालेला व्यवहार, जाहिरात, जुना करार जपून ठेवा. कधीच भाड्यानं न दिलेल्या मिळकतीला ही सवलत मिळते का, यावर न्यायाधिकरणांत दोन्ही बाजूंनी वाद झालेले आहेत. ते प्रकरण सल्लागारासमोर बसूनच ठरवा.

मोकळ्या प्लॉटवर मानीव भाडं नाही. ताबा न मिळालेल्या, बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवरही नाही.

तिसरं घर दाखवलंच नाही तर कळणार कसं?

तीस लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं खरेदीखत झालं की नोंदणी कार्यालय ती माहिती आयकर विभागाला देतं आणि ती तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर पोर्टलवरच्या वार्षिक माहिती विवरणात, दिसते. स्वतःचं एआयएस उघडून बघा, म्हणजे हा प्रश्न पुन्हा विचारावासा वाटणार नाही. जुनी घरं त्यात दिसत नसतील, पण एखादं विकायला काढलं की त्याचा इतिहास आपोआप समोर येतो.

मागच्या वर्षांत राहून गेलं असेल तर अपडेटेड रिटर्नचा मार्ग आहे. मुदत संबंधित कर निर्धारण वर्ष संपल्यापासून 48 महिने. जितका उशीर तितका जादा कर. त्यात कर वाढवता येतो, कमी करता येत नाही. त्यामुळे "मागच्या वर्षी चुकीची दोन घरं निवडली, आता फायद्याची निवडतो" हे अपडेटेड रिटर्ननं होत नाही.

तुमच्याकडे येताना काय आणू?

ज्यात तुमचं नाव आहे अशा प्रत्येक मिळकतीची यादी, गावच्या हिश्श्यासकट. प्रत्येकीचा घरफाळा किंवा घरपट्टी भरल्याची पावती, तारखेसह. बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट, त्यात व्याज आणि मुद्दल वेगळं दाखवलेलं हवं. कर्ज खाते क्रमांक आणि मंजुरीची तारीख, कारण व्याजाची वजावट घेताना रिटर्नमध्ये आता हे तपशील भरावे लागतात. आणि कृपा करून 30 जुलैला संध्याकाळी सातला येऊ नका. त्या वेळी पोर्टलही अडखळतं आणि आम्हीही.